शेवटची आठ मिनिटं कशी राखायची: नवीन शिक्षकांसाठी

पहिल्या वर्षी माझ्या टाचणात रोज एक ओळ असायची, 'मूल्यमापन: ५ मिनिटे'. त्या वर्षभरात ती पाच मिनिटं मला जेमतेम दहा-बारा वेळा मिळाली असतील. बाकी दिवशी मी फळ्यावर काहीतरी लिहीत असायची, मागून एखादा ओरडायचा, "मॅडम, घंटा होऊन राहिली!" आणि मी दारातून बाहेर पडता पडता विचारायची, "समजलं ना सगळ्यांना?" चव्वेचाळीस मुलांचा एका सुरात 'हो' यायचा. तो 'हो' किती पोकळ होता ते पंधरा दिवसांनी चाचणीच्या पेपरात दिसलं.

नागपुरातल्या एका शाळेत मी पाचवी ते आठवीला गणित शिकवते. नुकतंच बी.एड. करून वर्गात उभ्या राहिलेल्यांसाठी हे लिहिते आहे. बी.एड.ला समारोप कौशल्य आपण सूक्ष्म अध्यापनात शिकतो, पण ते सहा मिनिटांच्या पाठात आणि समोर आपलेच सहाध्यायी बसलेले असताना. सहा मिनिटांत कुठलीच कृती लांबत नाही. खरी अडचण ३५ मिनिटांच्या तासिकेत येते, आणि ती नेमकी कुठून येते हे कुणी सांगत नाही. पंचपदीपासून आपल्या पाठाचा साचाच असा आहे की पडताळणी सगळ्यात शेवटी येते. आधीच्या प्रत्येक पायरीने उधार घेतलेली मिनिटं तिच्याच खात्यातून वजा होतात.

सगळं एकाच पाठावरून सांगते. सहावी, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, तासिका १२:१० ते १२:४५.

काय काय लागेल

- हातातलं किंवा वर्गातलं घड्याळ, तुम्हाला फळ्यापाशी उभं राहून दिसेल असं
- पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की ४४ मुलांना ११ कागद पुरतात
- मुलांच्या चौकटीच्या वह्या
- तुमचं दैनिक टाचण आणि पेन्सिल

१. आधी शेवटचा प्रश्न लिहा

टाचण लिहायला बसलात की प्रस्तावनेला हात लावू नका. तास संपताना मुलाने कागदावर काय करून दाखवलं की तुम्ही निश्चिंत घरी जाल, तो एक प्रश्न आधी लिहा. एकच.

यावर वेळ घालवणं वसूल होतं, कारण प्रश्न चुकीचा निवडला तर शेवटची मिनिटं राखूनही हाती काही लागत नाही. माझा पहिला प्रश्न होता १/२ + १/४. जवळपास सगळ्यांनी ३/४ लिहिलं आणि मी खूश झाले. मग एका मुलीला विचारलं, कसं काढलंस? ती म्हणाली, "अर्धा नि पाव म्हणजे पाऊण नाही का मॅडम?" तिच्या आईचा भाजीचा ठेला आहे. पाव, अर्धा, पाऊण तिला तराजूवरून पाठ, समच्छेदाशी त्याचा काही संबंध नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांनी असंच काढलं असणार.

म्हणून आता मी १/३ + १/४ विचारते. याचं उत्तर बाजारात ऐकलेलं नसतं. दुसरं म्हणजे चूक कुठे झाली हे उत्तरच सांगतं. ७/१२ आलं तर बरोबर. २/७ आलं तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. २/१२ आलं तर छेद समान करायचा हे त्याला कळलं, पण त्याबरोबर अंशही बदलतो हे राहिलं. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि दोघांना दुसऱ्या दिवशी वेगळं काही सांगावं लागतं. तुमचा विषय कुठलाही असो, चुकीच्या उत्तरावरून चुकीचं कारण ओळखता येतं का, एवढं तपासून मगच प्रश्न पक्का करा.

२. तासिका खरंच किती मिनिटांची आहे ते मोजा

वेळापत्रकात ३५ लिहिलेलं असतं. एक आठवडा टाचणाच्या समासात फक्त दोन वेळा लिहा: तुमचं पहिलं कामाचं वाक्य किती वाजता सुरू झालं आणि शेवटचं किती वाजता संपलं. आधीच्या तासाचे सर दोन मिनिटं उशिरा निघतात, कुणी पाणी प्यायला गेलेला असतो, फळा पुसायचा असतो, कुणीतरी सूचनेची वही घेऊन दारात उभं असतं. माझ्या त्या वर्गात चार मिनिटं नियमाने जायची. खेळाच्या तासानंतर तर सहा.

म्हणजे माझ्याकडे ३१ मिनिटं होती आणि मी टाचण ३५ चं लिहीत होते. ५ + १५ + १० + ५, बेरीज अगदी जुळायची. पण पहिली चार मिनिटं कुठेच धरलेली नव्हती, म्हणजे वर्गात पाऊल टाकायच्या आधीच पडताळणीच्या पाचातली चार खर्च झालेली.

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की पुन्हा मोजा. आमच्याकडे तेव्हा तासिका ३० मिनिटांची होते आणि मुलं आधीच उकाड्याने पेंगुळलेली असतात.

३. मिनिटं नको, घड्याळातली वेळ लिहा, आणि मागून पुढे या

'कृती: १५ मिनिटे' असं लिहिलं की वर्गात तुम्हाला गणित करत बसावं लागतं: कधी सुरू केलं, किती झाली, किती उरली. शिकवताना हे कुणाला जमत नाही. त्याऐवजी टाचणात वेळ लिहा, आणि शेवटाकडून सुरुवात करा.

घंटा १२:४५ ला. पडताळणीला मी आठ मिनिटं धरते. एक चिठ्ठ्या वाटायला, चार सोडवायला, एक गोळा करायला आणि दोन मोकळी. ही दोन मोकळी कुठल्या कामाला देऊ नका. कुणाचं तरी पेन संपतंच. म्हणजे चिठ्ठ्या १२:३७ ला हातात पडायला हव्यात.

सुरुवात प्रत्यक्षात १२:१४ ला होते. मध्ये २३ मिनिटं उरली. कालच्या सममूल्य अपूर्णांकांची उजळणी १२:१७ पर्यंत, कृती १२:२९ पर्यंत, फळ्यावर रीत मांडणं १२:३७ पर्यंत. एवढंच. माझ्या जुन्या टाचणात कृतीला १५ मिनिटं होती, इथे १२ आहेत. तीन कुठून कापायची याचं उत्तर पुढच्या पायरीत.

टाचणात १२:३७ भोवती मी पेन्सिलने गोल करते. बाकी वेळा मागेपुढे झाल्या तर चालतं, गोलातली नाही.

४. कृती कुठे फुगते ते शोधा

मी ज्या तासात सगळ्यात वाईट फसले तो सांगते. कागदाच्या पट्ट्या घडी घालून १/२ आणि १/३ दाखवायचं ठरवलं होतं. आठ गट, रंगीत कागद, कात्र्या. १२:१५ ला वाटप सुरू केलं. "मॅडम, आमच्याकडे कात्री नाही आली", "मॅडम, यानं माझा गुलाबी घेतला", यात १२:२१ झाले. मग घडी. पट्टीची अर्धी घडी कुणीही घालतं, पण तीन समान भागांची घडी मोठ्या माणसालाही पटकन जमत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलं घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत. १२:३१ झाले तरी तीन गटांचे तीन भाग तीन मापांचे. मग प्रत्येक गटाने समोर येऊन दाखवायचं असं मी आधीच कबूल करून बसले होते. आठ गट, प्रत्येकी दोन मिनिटं म्हटलं तरी सोळा. तिसरा गट बोलत असताना घंटा झाली.

या तासात बेरजेला, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप होता त्याला, शून्य मिनिटं मिळाली. मुलं घडी घालायला शिकली.

नीट बघितलं तर वेळ विचार करण्यात गेलाच नव्हता. तो वाटपात, हाताच्या कामात आणि सादरीकरणात गेला होता. बहुतेक कृती याच तीन ठिकाणी फुगतात, आणि तिन्ही कापल्या तरी गणित तसंच राहतं.

आता मी काहीच वाटत नाही. मुलं आपापल्या चौकटीच्या वहीत सलग १२ चौकटींची पट्टी आखतात. १/२ म्हणजे ६ चौकटी, त्या एका रंगाने. १/३ म्हणजे ४, त्या दुसऱ्या रंगाने. एकूण १० रंगल्या, म्हणून १०/१२. छेद समान का करायचा हे डोळ्यांसमोर येतं: दोन्ही तुकडे एकाच मापाच्या चौकटींनी मोजल्याशिवाय एकत्र मोजता येत नाहीत. दुसरी पट्टी १/२ + १/६, तिसरी २/३ + १/४. गट म्हणजे बाकावरचे दोघे, बाक हलवायचे नाहीत. सगळ्यांचं सादरीकरण बंद. मी फिरताना पाहून ठेवलेल्या दोनच वह्या फळ्यापाशी दाखवते, त्यातली एक मुद्दाम थोडी चुकलेली.

५. काय गाळायचं ते आदल्या दिवशी ठरवा

वर्गात, मुलं रंगात आलेली असताना, 'थांबा' म्हणणं जड जातं. त्या क्षणी ठरवायला गेलात की तुम्ही हटकून 'अजून दोनच मिनिटं' म्हणाल. त्यामुळे निर्णय घरी घेऊन या.

माझ्या टाचणात तिसऱ्या पट्टीसमोर कंस असतो. १२:२६ ला मी एक फेरी मारते. निम्म्या बाकांवर दुसरी पट्टी रंगलेली नसेल तर तिसरी रद्द, आणि १२:२९ ला सगळ्यांची पेन्सिल खाली. राहिलेली तिसरी पट्टी गृहपाठात जाते. ज्यांची आधीच झाली असेल त्यांचं काही बिघडत नाही.

सगळ्यात मोठा सापळा आहे शेवटच्या गटाची वाट पाहणं. चाळीस मुलं झालेली असतात आणि आपण चौघांसाठी थांबतो. त्या चौघांना खरंच अडलंय की ते रंग भरण्यात रमलेत, हे थांबून कळत नाही. ते चिठ्ठीवर कळतं.

आणखी एक. फळ्यावरच्या आठ मिनिटांत नवीन उदाहरण सुचलं तरी घेऊ नका. मला अजूनही सुचतं आणि दरवेळी वाटतं की हे सांगितलं तर पक्कं समजेल. मी ते समासात लिहून ठेवते. उद्या लागेल की नाही ते चिठ्ठ्या सांगतात, आणि निम्म्या वेळा लागत नाही.

६. चिठ्ठी कशी घ्यायची

१२:३७. चिठ्ठ्या रांगेच्या पहिल्या बाकावर आधीच ठेवलेल्या, मुलं मागे सरकवतात. प्रश्न मी सकाळीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून वर कागद चिकटवलेला असतो, तो फक्त काढायचा. चिठ्ठीवर नाव, उत्तर आणि ते कसं काढलं याची एक ओळ किंवा आकृती. वह्या बंद. या चार मिनिटांत मी कुणालाही मदत करत नाही. सुरुवातीला हे फार कठोर वाटलं होतं. पण 'छेद बघ ना जरा' एवढं पुटपुटलं तरी त्या चिठ्ठीवर मुलाचं उत्तर राहत नाही, माझं होतं.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की याला गुण नाहीत. नाहीतर माना वळतात. तरी वळतातच, म्हणून नंतर मी फळ्यावर दोन प्रश्न लिहायला लागले. बाकावर डावीकडे बसलेल्याला १/३ + १/४, उजवीकडच्याला १/४ + १/६. दुसऱ्याचं बरोबर उत्तर ५/१२, अंशात अंश मिळवणाऱ्याचं २/१०.

पहिल्या वेळी, एकच प्रश्न असताना, ४४ चिठ्ठ्या शिक्षकखोलीत चहा निवेपर्यंत लावून झाल्या. तपासायच्या नाहीत, फक्त ढीग करायचे. ७/१२ च्या २६, २/७ च्या ११, २/१२ च्या ५, कोऱ्या दोन. आदल्या आठवड्यात याच धड्याच्या गृहपाठात जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर होती. गृहपाठ गाइडमधून उतरतो, दादा-ताईकडून होतो. शेवटच्या पडताळणीची जागा तो घेत नाही.

७. दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटं

चिठ्ठ्या घेऊन कपाटात टाकल्या तर आठव्या-दहाव्या दिवसापासून मुलंही त्या तशाच लिहून देतात. म्हणून मोठ्या चुकीच्या ढिगाला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्या. नावं न घेता.

मी फळ्यावर २/७ लिहिलं आणि पुन्हा १२ चौकटींची पट्टी काढली. १/३ म्हणजे ४ चौकटी. २/७ किती? बाराचे सात समान भाग केले आणि त्यातले दोन घेतले तर साडेतीन चौकटींनाही ते पुरत नाहीत. म्हणजे चार चौकटींमध्ये आणखी तीन घातल्या आणि उरल्या साडेतीनपेक्षाही कमी? मागच्या बाकावरून आवाज आला, "असं काहून होईन मॅडम, मिळवलं तर वाढाले पाहिजे ना!" त्या अकरा जणांना याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. २/१२ वाल्या पाच जणांना मी मधल्या सुट्टीच्या आधी जवळ बोलावलं. त्यांना पट्टीवर दोनच चौकटी रंगवून दाखवल्या, बाकीच्या कुठे गेल्या ते त्यांनीच शोधलं. कोऱ्या दोघांपैकी एक चिठ्ठीच्या आदल्या दिवशी गैरहजर होता. दुसऱ्याला सममूल्य अपूर्णांकच येत नव्हते, त्याचं काम वेगळं आणि लांबचं.

८. तरीही वेळ गेलाच तर

जाणार. केंद्रप्रमुख येतात, प्रार्थना लांबते, पावसाने वर्गात पाणी शिरतं. १२:४१ झाले आणि चिठ्ठ्या वाटल्या नाहीत, तर वाटू नका. फळ्यावर तीन उत्तरं लिहा: एक, ७/१२, दोन, २/७, तीन, २/१२. डोळे मिटा, तुम्हाला पटतं त्या क्रमांकाची बोटं छातीशी धरा. तुम्ही फक्त दोन आणि तीन बोटं मोजायची. दीड मिनिटात होतं. कारण कळत नाही आणि अंदाजाने धरलेलं बोट ओळखू येत नाही, पण उद्या पुढे जायचं की थांबायचं एवढं ठरवता येतं. डोळे मात्र खरंच मिटायला लावा, नाहीतर हुशार मुलीची बोटं बघून चाळीस हात बदलतात.

तेवढाही वेळ नसेल तर तोच प्रश्न उद्याच्या पहिल्या पाच मिनिटांत घ्या आणि त्या दिवशीची उजळणी रद्द करा. खरं तर रात्र मध्ये गेल्यावर जे उरतं तेच खरं, असं मला अलीकडे वाटू लागलंय. तरीही मी तासाच्या शेवटीच विचारते, कारण मग संध्याकाळी मला तयारीला वेळ मिळतो.

चिठ्ठ्या रोज घेऊ नका. दिवसाला सहा तासिका आणि प्रत्येकीत चाळीसच्या वर मुलं असताना ते पंधरा दिवसही चालणार नाही. एका वर्गाच्या आठवड्यात दोन, नवीन रीत शिकवली त्या दिवशी. बाकी दिवशी बोटं. ३० मिनिटांच्या उन्हाळी तासिकेत मी पहिली उजळणी आणि दुसरी, तिसरी पट्टी काढून टाकते. फळ्याची आठ आणि चिठ्ठीची आठ तशीच ठेवते.

टाचणाच्या समासात दोन रकाने करा, 'ठरलं' आणि 'झालं'. माझ्या पहिल्या आठवड्याचे आकडे असे आहेत: चिठ्ठी ठरली १२:३७, झाली १२:४३, १२:४२, नाहीच, १२:४०, १२:३८. बुधवारच्या 'नाहीच'समोर बारीक अक्षरात लिहिलंय, 'सम संख्या कशाला म्हणतात ते सांगत बसले'. कुणी विचारलंही नव्हतं.